डमी अर्जाची गोष्ट

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोन जुने मित्र समोरासमोर येतात ते बहुतेकदा भांडणामुळे, असा समज आहे. पण विनोदी कथेला खरा मसाला मिळतो तो डमी अर्जातून. मुख्य उमेदवाराचा अर्ज छाननीत बाद झाला तर जागा हातची जाऊ नये, म्हणून घरातल्या किंवा भरवशाच्या माणसाचा दुसरा अर्ज भरून ठेवतात. पहिला अर्ज वैध ठरला की दुसरा मागे घ्यायचा, एवढाच बेत असतो.

समजा, सरपंचपदासाठी अण्णांचा अर्ज आहे आणि डमी म्हणून त्यांचे बालमित्र तात्या उभे आहेत. छाननीत दोन्ही अर्ज वैध ठरतात. माघारीच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत तात्यांनी सही केलेली लेखी सूचना निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचायला हवी. तात्या तालुक्याला वेळेत पोचतातही, पण अण्णांचीच पत्रकं छापखान्यातून उचलताना अडकतात आणि तहसील कचेरीत शिरतात ते तीन वाजून दहा मिनिटांनी. अधिकाऱ्याला मुदत वाढवता येत नाही. ग्रामपंचायतीला पक्षाची चिन्हं नसतात. अण्णांना कपबशी मिळते, तात्यांना छत्री.

खरी गंमत इथून पुढे आहे. तात्या दारोदार सांगतात, "मला नको, अण्णाला मत द्या." पण जाहीर पाठिंब्याला कायद्यात किंमत नाही, यंत्रावर नाव राहतंच. शिवाय अण्णांवर नाराज असलेल्या भावकीला आजवर उमेदवारच नव्हता, तो आता आयता मिळतो. ते तात्यांचा नकार विनय समजतात. अण्णांचे कार्यकर्ते मात्र म्हणतात, तीन दहाला पोचणं हा ठरवलेला डाव आहे. रोज पारावर एकत्र बसणारे दोघे आता एकमेकांना टाळतात. मित्रावर शंका घेण्याची लाज आणि शंका सुटत नाही ही अडचण, यांच्यामध्ये अण्णा सापडतात. कथा फुलते ती या अवघडलेपणावर. मारामारी आणली तर ती बिघडते.

मोजणीत दोघांना सारखी मतं पडली, तर निकाल चिठ्ठी टाकून लागतो. चिठ्ठी तात्यांची निघाली, तर नको म्हणत असले तरी सरपंच तेच. त्यांनी राजीनामा दिला, तरी पद आपोआप अण्णांकडे जात नाही. पोटनिवडणूक घ्यावी लागते. त्याआधी प्रचाराच्या खर्चाचा हिशेबही 30 दिवसांत द्यायचा असतो. तो न देणारा उमेदवार, जिंकलेला असो वा हरलेला, पाच वर्षांसाठी अपात्र ठरू शकतो. म्हणून तात्यांना वही उघडून बसावंच लागतं, आणि अण्णांची पत्रकं कुणाच्या खर्चात धरायची, हे ठरवायला दोघांना एकमेकांशी बोलावं लागतं.