सूर्यास्तापूर्वीची सवड

धुळ्याहून साक्री, पिंपळनेर, ताहराबादमार्गे मांगी-तुंगीला जाताना सवड रात्रीसाठी राखून उपयोग नाही. चौविहार पाळणाऱ्यांचे भोजन सूर्यास्तापूर्वीच व्हावे लागते. म्हणून हिशेब उलटा मांडावा. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास, म्हणजे भोजन पाचला. पहाटे साडेपाचला निघून साडेआठला चढण सुरू केल्यास तरुण मंडळी दोनपर्यंत खाली येऊ शकतात. त्यांना तासभर सवड पुरते. आजी-आजोबांचे गुडघे मात्र उतरताना अधिक दुखतात. त्यांच्यासाठी दोन तास धरावेत. कुटुंब एकत्र असेल, तर सर्वांत सावकाश चालणाऱ्याचीच सवड सर्वांची मानावी. दुपारी बारापर्यंत पहिल्या शिखराचे दर्शन आटोपले नसेल, तर दुसरे शिखर पुढच्या खेपेस ठेवावे. सवडीला हात लावू नये.