श्रावणात ठरते, कार्तिकात दिसते

दिवाळी सरली की कोल्हापूर-सांगलीकडच्या उसाच्या फडांवर पांढुरके तुरे डोलू लागतात. रस्त्याने जाणाऱ्याला ते दृश्य देखणे वाटते, पण ज्याचा ऊस अजून तोडणीच्या यादीत वर आलेला नाही, त्या शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. तुरा म्हणजे उसाचा फुलोरा. तो आला की उसाची वाढ थांबली. कारण आजवर नवे पान आणि नवे कांडे घडवणारा शेंड्यातला कोंबच फुलोऱ्यात खर्ची पडलेला असतो. मग बगलेतले डोळे फुटून पांगशा येतात, वरच्या कांड्यांत दशी पडू लागते, ऊस आतून पोकळ होतो आणि साठवलेली साखर हळूहळू खर्च होते. पहिले दीड-दोन महिने फारसे बिघडत नाही, उतारा चांगला राहतो. पण तोड त्यापुढे लांबली तर वजनही घटते आणि साखरही.

यावर काही फवारता येईल का, पाणी तोडावे का, खत द्यावे का, अशी विचारपूस नोव्हेंबरात सुरू होते. तोपर्यंत करण्यासारखे काही उरलेले नसते. कार्तिकात दिसणाऱ्या तुऱ्याचा निर्णय उसाने दहा-बारा आठवड्यांपूर्वी, श्रावण-भाद्रपदातच घेतलेला असतो. तेव्हा बाहेरून पाहणाऱ्याला काहीही दिसत नाही. ऊस हिरवागार, भराभर वाढणारा असतो. शेंडा उभा चिरून भिंगाखाली पाहिला तरच आत पानांऐवजी फुलोऱ्याचे बारीक कंगोरे घडू लागल्याचे कळते.

श्रावणात असे काय घडते? कोल्हापुरात २१ जूनच्या सुमारास दिवस साधारण १३ तासांचा असतो. मग तो आखडू लागतो आणि ऑगस्टच्या अखेरीस साडेबारा तासांवर येतो. या दिवसांत तो रोज मिनिटाहूनही थोडा कमी होत जातो. आपल्याला हा फरक जाणवत नाही. उसाला तो नेमका कळतो. पुरेशी कांडी सुटलेला ऊस, साडेबारा तासांच्या आसपासचा आणि कमी होत जाणारा दिवस, ओलसर जमीन, फार न तापणारी दुपार आणि उबदार रात्र, एवढे जुळून आले की कोंब फुलोऱ्याकडे वळतो. दुपारचा पारा ३२ अंशांच्या वर किंवा रात्रीचा १८ च्या खाली गेला तर हा बेत बिघडतो. म्हणून पावसाळी, ढगाळ ऑगस्टनंतर तुरा जास्त येतो आणि कोरड्या, तापलेल्या ऑगस्टनंतर कमी. साडेबारा तासांचा दिवस एप्रिलमध्येही येतो, पण तेव्हा दिवस वाढत असतो आणि ऊन कडक असते, म्हणून ऊस फसत नाही. आडसाली लागणीला पहिल्या वर्षी तुरा येत नाही याचेही कारण हेच. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेल्या उसाला त्या ऑगस्टमध्ये कांडीच सुटलेली नसते.

हाच दिवस पंजाबात सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. त्यानंतर फुलोरा घडायला लागणारे दोन-अडीच महिने तिथे थंडीत सापडतात, त्यामुळे तिकडे उसाचे धड बी धरत नाही. देशभरासाठी उसाचे संकर करायचे तर ऊस हमखास फुलेल अशी जागा हवी होती. १९१२ साली कोइमतूरला ऊस पैदास केंद्र उभे राहिले, त्यामागे हे मोठे कारण होते. जो तुरा शेतकऱ्याला नको, त्याच्यावाचून पैदासकाराचे पान हलत नाही.

वनस्पती दिवसाची लांबी मोजतात हे माणसाला कळले ते तंबाखूमुळे. अमेरिकेच्या कृषी खात्यातले गार्नर आणि अ‍ॅलर्ड यांच्याकडे ‘मेरीलँड मॅमथ’ नावाचा एक तंबाखू होता. तो उन्हाळाभर वाढतच राही, फुलत नसे. हिवाळ्यात काचघरात ठेवला की मात्र लहानपणीच फुले. खत, ऊब, ओल यांतले काहीही बदलून उलगडा होईना. अखेर १९१८ साली त्यांनी भर उन्हाळ्यात झाडे रोज दुपारनंतर अंधाऱ्या खोपट्यात ठेवायला सुरुवात केली. दिवस असा कृत्रिमरीत्या लहान केल्यावर ती फुलली. १९२० मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. या गुणाला आपल्याकडे दीप्तिकालिता म्हणतात.

पुढे १९३८ साली हॅम्नर आणि बॉनर यांनी झँथियम या काटेरी फळांच्या तणावर प्रयोग केले, आणि झाड दिवस नव्हे तर रात्र मोजते असे निघाले. या तणाला सुमारे साडेआठ तासांहून मोठी, अखंड रात्र लागते. अशी एकच रात्र पुरते, तीही एकाच पानाला मिळाली तरी. पण त्या रात्रीच्या मध्यावर मिनिटभर दिवा लावला की फुले येत नाहीत. दिवसा मध्येच अंधार केला तर मात्र काहीच फरक पडत नाही. पॉलिहाऊसमधले शेवंती उत्पादक आज मध्यरात्री दिवे लावतात ते याच आधारावर. शेवंतीला मोठी रात्र मिळाली की ती कळ्या धरते. दांडे पुरेसे उंच होईपर्यंत तिला ती रात्र मिळू द्यायची नसते. उसालाही रात्रीच्या उजेडाने तुऱ्यापासून रोखता येते, पण एकरच्या एकर फडावर दिवे कोण लावणार?

रात्र मोजतात ती पाने आणि फुलतो तो शेंडा. मग पानाचा निरोप शेंड्यापर्यंत पोचतो कसा? सोव्हिएत शास्त्रज्ञ चैलाख्यान यांनी १९३७ मध्ये या अज्ञात निरोप्याला ‘फ्लोरिजेन’ असे नाव दिले. त्याचा पुढची सत्तर वर्षे शोध चालला. २००७ मध्ये तो हाती लागला. पानात तयार होऊन अन्नवाहिन्यांतून शेंड्याला जाणारे ते एक छोटे प्रथिन आहे, त्याचे नाव एफटी.

आता नाशिककडे वळू. निफाड-लासलगावच्या कांदा उत्पादकाला तुऱ्यासारखाच छळणारा प्रकार म्हणजे डेंगळे. कांदा पोसत असताना पातीच्या मधून एक जाड, पोकळ दांडा वर येतो, त्याच्या टोकाला पातळ पापुद्र्यात गुंडाळलेली फुलांची कळी असते. तो मोडून टाकला तरी कांदा सुधारत नाही. दांड्याची मुळी कांद्याच्या पोटातच असते, मान जाड राहते, आणि असा कांदा चाळीत टिकत नाही.

डेंगळ्यांचे कारण रात्रीची लांबी नव्हे, थंडी आहे. कांदा मूळचा मध्य आशियाचा. तिथे पहिल्या वर्षी गड्डा पोसायचा, बर्फाळ हिवाळा काढायचा आणि वसंतात फुलायचे असा त्याचा द्विवार्षिक क्रम. हिवाळा खरोखर सरला याची खात्री झाल्यावाचून फुलणे त्याला परवडणारे नव्हते. म्हणून साधारण ८ ते १३ अंशांची थंडी काही आठवडे सलग सोसल्यावरच त्याचा कोंब फुलायला पात्र होतो. याला वासंतीकरण म्हणतात. ही थंडी पान नव्हे, खुद्द शेंडा अनुभवतो. शिवाय रोप काही एका वयाचे आणि जाडीचे झालेले असावे लागते. कोवळ्या रोपाला तीच थंडी लागली तरी त्याच्या हिशोबात ती धरली जात नाही.

यातून रांगडा कांदा का फसतो ते कळते. त्याची लागवड सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा दहा अंशांखाली घसरतो तेव्हा रोप चांगले जाडजूड, थंडी मोजायच्या वयाचे झालेले असते. डिसेंबर-जानेवारीत लावलेला उन्हाळी कांदा त्या थंडीत अजून लहान असतो, म्हणून बराचसा सुटतो. पण रोपवाटिकेत जास्त दिवस राहिलेली, मनगटी रोपे लावली तर तोही डेंगळतो. आपली थंडी कांद्याच्या गरजेच्या अगदी काठावरची आहे. त्यामुळे एकाच वाफ्यात काही झाडे डेंगळतात, काही नाही, आणि एका वर्षी दिसलेले प्रमाण पुढच्या वर्षी टिकत नाही. कोबीची गरज याहून बरीच मोठी आहे. आपल्या पठारावर ती कधीच भागत नाही, म्हणून त्याचे बी कुलूच्या खोऱ्यात करावे लागते.

कांद्यात गंमत अशी की दिवसाची लांबीही तिथे कामाला लागते, पण फुलासाठी नव्हे, गड्ड्यासाठी. वाढत्या दिवसांनी गड्डा भरतो आणि लागलेल्या थंडीने फूल येते. २०१३ मध्ये असे दिसून आले की या दोन्ही कामांना कांदा एकाच घराण्यातली प्रथिने वापरतो. फ्लोरिजेनची एक बहीण गड्डा भरवते, दुसरी थंडीनंतर दांडा काढते आणि तिसरी, दिवस लहान असेपर्यंत, पहिलीला रोखून धरते. रब्बीचे वाण खरिपात लावले तर पात उदंड येते आणि कांदा पोसत नाही, ते यामुळेच. त्या वाणाला हवा तेवढा मोठा दिवस मिळायच्या आत पीक संपते.

हीच थंडी बीजोत्पादकाला मात्र हवी असते. तो निवडलेले कांदे ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुन्हा लावतो आणि त्यांच्या दांड्यांवर आलेल्या गोंड्यांतून बी घेतो. हिवाळा ऊबदार गेला तर त्याचे गोंडे कमी येतात, आणि थंडीनंतर लगेच जोराची उष्णता लागली तर वासंतीकरण पुसलेही जाते.

थंडीची ही आठवण बियात उतरत नाही. सोव्हिएत रशियात लायसेंको यांनी ती उतरते असा दावा केला आणि तो तिथल्या शेतीला फार महागात पडला. प्रत्येक बी पाटी कोरी करूनच रुजते. बियात उतरते ती थंडीची गरज. कांद्याचे बी महाग झाले की काही जण रांगड्यात आलेली डेंगळी तशीच उभी ठेवतात आणि त्यांचेच बी धरतात. बाकीचे वाफे गप्प असताना एवढ्याशा थंडीत फुलली, ती त्या शेतातली सर्वांत उतावीळ झाडे. त्यांचे बी घेणे म्हणजे पुढच्या पिकासाठी कमी थंडीत फुलणारी झाडे निवडणे. म्हणून बी धरायचे ते डेंगळे न आलेल्या पिकातला एकसारखा, बारीक मानेचा कांदा वेचून, तो चाळीत नीट टिकला हे पाहून आणि पुढच्या हंगामात पुन्हा लावून.