कुटुंबाला किती लिटरचा फ्रिज?

फ्रिजची क्षमता ठरवताना ढोबळमानाने एक-दोन माणसांसाठी १८० ते २०० लिटर, चौघांसाठी २५० ते ३०० आणि सहा-सात जणांसाठी ३५० लिटरच्या पुढे, असा हिशेब धरतात. मात्र लेबलवर एकूण आणि प्रत्यक्ष साठवणुकीची क्षमता असे दोन आकडे असू शकतात. तुलना दुसऱ्या, लहान आकड्याची करावी.

सिंगल डोअरमध्ये फ्रीझर आतच, वरच्या लहान कप्प्यात असतो. त्याच्या गार भिंतींवर बर्फ साचतो आणि तो बटण दाबून वितळवावा लागतो. किंमत आणि वीजवापर सहसा कमी असतो. डबल डोअरमध्ये फ्रीझरला स्वतंत्र दार असते. पंखा गार हवा फिरवतो आणि बर्फ आपोआप वितळतो. साइड-बाय-साइड बहुधा ५०० लिटरच्या पुढचा आणि सुमारे ९० सेंटिमीटर रुंद असतो. त्यात फ्रीझर मोठा असला, तरी उभे कप्पे अरुंद असल्याने रुंद परात किंवा मोठे पातेले मावेलच असे नाही.

समजा, चौघांचे घर आहे. रोज दोन लिटर दूध, आठवड्याची भाजी, इडलीचे पीठ आणि थोडे गोठवलेले मटार ठेवायचे आहेत. इथे २६० लिटरच्या आसपासचा डबल डोअर पुरतो. भाजी रोज ताजी आणत असल्यास २०० लिटरचा सिंगल डोअरही चालतो. महिन्याचे मांस-मासे गोठवायचे असतील, तरच मोठ्या फ्रीझरचा खर्च सार्थ ठरतो.