टॉवेल की जुना सदरा?

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीनंतर फराळाच्या घाईत केस टॉवेलने खसाखसा पुसायचे, ही आमच्या वन्संची सवय. मग त्यांचे कुरळे केस दिवसभर पिंजारलेले! गेल्या दिवाळीत मी तो टॉवेल उजेडात धरून पाहिला. त्यावर केसांचे आखूड तुकडे होते. मुळासकट गळलेल्या केसाच्या टोकाला पांढुरका ठिपका असतो; यांना तो नव्हता. म्हणजे केस गळत नव्हते, तुटत होते!

ओला केस फुगतो, सहज ताणला जातो आणि त्यावरचे सूक्ष्म खवले उचलले जातात. घासले की ते आणखी विसकटतात. टॉवेलच्या सुताच्या वेढ्यांत केस अडकतात.

पाडव्याच्या न्हाण्यानंतर मी यजमानांचा जुना, मऊ सुती सदरा पुढे केला. केस न घासता नुसते दाबून पाणी टिपले, सदरा १५ मिनिटे सैलसर गुंडाळला आणि मग केस मोकळे सोडून वाऱ्यावर वाळवले. सदरा तासन् तास बांधून ठेवला, तर केस ओलेच राहतात. ओल्या केसांचा घट्ट अंबाडाही नको.

दुभंगलेली टोके याने सांधत नाहीत, ती कापावीच लागतात. पण त्या दिवशी सदऱ्यावर तुकडे मोजकेच होते. यजमान मात्र अजून आपला सदरा शोधताहेत!