टू ऑफ कप्स नेमकं कशाचं उत्तर देतो

एखाद्या नव्या ओळखीबद्दल टॅरो रीडरला जो प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, तो साधारण असा असतो: "हा माणूस पुढे माझा कायमचा जोडीदार होईल का?" पत्ते मांडल्यावर त्यात टू ऑफ कप्स दिसला, की विचारणाऱ्याला बहुतेक वेळा दुसरं काही ऐकावंसं वाटत नाही. चित्रच तसं आहे. एक तरुण, एक तरुणी, दोघांच्या हातांत एकेक पेला, नजरा एकमेकांवर. पाहणाऱ्याला ते लग्नाचं चित्र वाटतं आणि उत्तर 'हो' आलं असं समजून माणूस उठतो. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो, आणि तो घाईचा का आहे ते त्या चित्रातच सापडतं.

आज जगभर सर्वाधिक वापरली जाणारी टॅरो पत्त्यांची मालिका १९०९ साली लंडनच्या रायडर या प्रकाशन संस्थेने काढली. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची आणि चित्रं पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची. त्याआधी टॅरोच्या बहुतेक संचांमध्ये साध्या आकड्यांच्या पत्त्यांवर प्रसंग नसायचे. पंधराव्या शतकातल्या इटलीत टॅरो हा मुळात पत्त्यांचा खेळ होता, आणि पेल्यांच्या दुरीवर दोन पेले आणि थोडी नक्षी एवढंच पुरत असे. स्मिथ यांनी या छोट्या पत्त्यांवर माणसं आणली. टू ऑफ कप्सचा अर्थ आज आपण चित्रावरून लावू शकतो, तो त्यांच्यामुळे.

आता ते चित्र सावकाश पाहावं. दोघांची उंची जवळपास सारखी आहे. कुणी गुडघे टेकलेले नाहीत, कुणी सिंहासनावर नाही. तरुण एक पाऊल पुढे आला आहे आणि त्याचा हात तिच्याकडे गेला आहे. ती आपला पेला धरून उभी आहे. दोघांच्या मध्ये वर एक दंड उभा आहे, त्याला दोन साप वेढे घालून आहेत आणि माथ्यावर पंख असलेलं सिंहाचं डोकं आहे. हा दंड ग्रीक देव हर्मीसचा. हर्मीस निरोप पोहोचवणारा आणि व्यापाराचा देव, म्हणजे देवाणघेवाण हे त्याचंच क्षेत्र. सिंहाला बहुतेक रीडर ओढीची, शारीरिक आकर्षणाची खूण मानतात. मागे दूरवर हिरव्या उंचवट्यावर लाल छपराचं घर आहे, पण ते लहान आहे, लांब आहे आणि त्या दोघांचं लक्ष तिकडे नाही. आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते: दोन्ही पेले ओठांना लागलेले नाहीत. देऊ केलं आहे, अजून घेतलेलं नाही.

म्हणून हा पत्ता ज्या प्रश्नाचं खणखणीत उत्तर देतो तो प्रश्न असा: ही ओढ दोन्हीकडून आहे का? त्याचं उत्तर 'हो' आहे, आणि नव्या ओळखीत ते उत्तर मुळीच लहान नसतं. आपल्यालाच वाटतंय की समोरच्यालाही, या शंकेत माणसं महिनोन्‌महिने झुरतात. पण टिकेल का, घर होईल का, याबद्दल पत्ता फारसं बोलत नाही.

याला पत्त्याचा आकडाही कारण आहे. पेल्यांचे आकड्यांचे पत्ते एक्क्यापासून दहापर्यंत जातात आणि त्यांत भावनेचा एक प्रवास दिसतो. एक्क्यात भावना उसळून येते. दुरीत ती दुसऱ्या माणसापर्यंत पोहोचते. तिरीत तिघी मैत्रिणी पेले उंचावून आनंद करतात. चौकीत मात्र एक तरुण झाडाखाली हाताची घडी घालून बसला आहे, ढगातून पुढे आलेला पेला त्याला नकोसा झाला आहे. पंजीत सांडलेल्या पेल्यांपुढे कुणी मान खाली घालून उभं आहे. इंद्रधनुष्याखाली नवराबायको, नाचणारी मुलं आणि मागे घर असं दृश्य येतं ते थेट दहाव्या पत्त्यावर. दुरी ते दहा या वाटेत बरंच काही आहे आणि ते टू ऑफ कप्स वगळून टाकत नाही. बांधिलकीसाठी रीडर वेगळे पत्ते शोधतात: टेन ऑफ कप्स, फुलमाळांनी सजवलेल्या चार दांड्यांचा फोर ऑफ वाँड्स, किंवा रीतसर विधी आणि परंपरा दाखवणारा हायरोफंट.

एक मांडणी उदाहरणादाखल घेऊ. पुण्यातली बत्तिशीची एक मुलगी आहे असं समजा. दोन महिन्यांपूर्वी ट्रेकच्या ग्रुपमध्ये एकाची ओळख झाली. दर रविवारी भेट होते, रात्री उशिरापर्यंत फोन चालतात. घरी आई स्थळं बघते आहे, आणि तो स्वतःच्या घरचा विषय निघाला की बोलणं दुसरीकडे नेतो. ती विचारते, "मॅडम, याच्याशी माझं जमेल का? लग्नापर्यंत जाईल?" जाणता रीडर इथे आधी प्रश्न बदलून घेतो, कारण हो-नाहीच्या प्रश्नाला चित्रांची भाषा नीट उत्तर देऊ शकत नाही. नवा प्रश्न असा होतो: आत्ता या नात्यात ती कुठे आहे, तो कुठे आहे आणि दोघांच्या मध्ये काय आहे? त्यासाठी तीन पत्ते काढले जातात.

तिच्या जागी नाइन ऑफ वाँड्स येतो. डोक्याला पट्टी बांधलेला माणूस काठीला टेकून उभा आहे, मागे आठ काठ्यांचं कुंपण. आधी कुठेतरी दुखावलेली आणि म्हणून सावध, असा त्याचा अर्थ. त्याच्या जागी टू ऑफ स्वोर्ड्स येतो. डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाई दोन तलवारी छातीवर आडव्या धरून बसली आहे. निर्णय पुढे ढकललेला आहे आणि काही गोष्टी पाहायच्याच नाहीत असं ठरवलेलं आहे. आणि मधल्या जागी टू ऑफ कप्स.

मधला पत्ता सांगतो की भेटींमधला जिव्हाळा खरा आहे, एकतर्फी नाही. बाजूचे दोन पत्ते सांगतात की त्या जिव्हाळ्याचं निर्णयात रूपांतर करायला आत्ता दोघांपैकी कुणीच पुढे येत नाही. ती जखमेमुळे विचारत नाही, तो विचारला जाणारा प्रश्न टाळतो. रीडर इथे तिला जे सांगू शकतो ते असं: "प्रेम आहे का, हे आता शोधत बसू नकोस. घरी कधी सांगणार आहेस, हे त्याला सरळ विचार." त्याच्या जागी हायरोफंट आला असता, तर त्याच टू ऑफ कप्सचं वाचन बदललं असतं. मग माणूस रीतसर पाऊल उचलण्याच्या मनःस्थितीत आहे असं म्हणता आलं असतं. आणि मधला टू ऑफ कप्स उलटा पडला असता, तर उलटे पत्ते वाचणारे रीडर देवाणघेवाण अडली आहे, एकाचा पेला पुढे आहे आणि दुसऱ्याचा मागे, असा अर्थ घेतात. काही रीडर उलटे पत्ते मुळीच मानत नाहीत. ते आधीच ठरवून घेतलेलं असावं लागतं, पत्ता पडल्यावर सोयीने ठरवून चालत नाही.

आपल्याकडे लग्नाचा विचार आला की पत्रिका येते, आणि अनेकजण टॅरोही त्याच नजरेने बघतात. पण दोन्हींची घडण निराळी आहे. गुणमेलनात छत्तीसपैकी किमान अठरा गुण जुळावेत असं मानतात, आणि ते गुण दोघांच्या जन्माच्या वेळच्या चंद्राच्या नक्षत्रावरून निघतात. म्हणून आज काढा किंवा दहा वर्षांनी, आकडा तोच. टॅरोत जन्मवेळ लागत नाही. पत्ते पिसताना जे वर येईल ते, आणि ते त्या घडीचं चित्र मानलं जातं. पत्रिकेसारखा कायमचा निवाडा टू ऑफ कप्समध्ये शोधणं त्या पद्धतीलाच धरून नाही.

पत्ते भविष्य सांगतात याला कोणताही पडताळलेला आधार नाही, हेही मी इथे स्पष्ट लिहीन. मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ साली आपल्या विद्यार्थ्यांना 'तुमचं व्यक्तिमत्त्व' म्हणून वर्णनं दिली. प्रत्येकाला दिलेला मजकूर एकच होता, तरी विद्यार्थ्यांनी तो आपल्याला पाचपैकी सरासरी चारहून अधिक गुणांइतका लागू पडतो असं सांगितलं. नव्या ओळखीत आशेने भरलेल्या माणसाला टू ऑफ कप्स असाच लागू पडणार. मांडणीचा उपयोग मला दिसतो तो वेगळ्या ठिकाणी: वरच्या उदाहरणातल्या मुलीला स्वतःचा सावधपणा आणि त्याची टाळाटाळ एकाच टेबलावर शेजारी शेजारी दिसली, आणि त्यातून तिला विचारायचा प्रश्न सापडला.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो पुन्हा पुन्हा विचारण्यात. हल्ली मोबाइलमध्येच पत्ते असतात, त्यामुळे मध्यरात्री तोच प्रश्न विचारणं फार सोपं झालं आहे. एकूण ७८ पत्त्यांमधून तीन काढले, तर त्यांत टू ऑफ कप्स असण्याची शक्यता २६ मध्ये एक. कमी वाटते. पण दहा रात्री तोच प्रश्न विचारला, तर दहांत निदान एकदा तो पत्ता दिसण्याची शक्यता जवळजवळ एक तृतीयांश होते. तो दिसला की माणूस थांबतो, स्क्रीनशॉट मैत्रिणीला पाठवतो, आणि आधीच्या रात्रींचे फाइव्ह ऑफ कप्स, टू ऑफ स्वोर्ड्स विसरतो. म्हणून चांगले रीडर तोच प्रश्न लगेच पुन्हा घेत नाहीत. काही घडेपर्यंत थांबायला सांगतात: तो घरी बोलला, किंवा बोलला नाही असं तिला कळलं, किंवा तिनेच आईला सांगून टाकलं. यांतलं एखादं झालं, की मग पुन्हा पत्ते पिसतात, आणि तेव्हा टू ऑफ कप्स आला तरी तो त्या नव्या घटनेबद्दलच वाचतात.