रात्रीचं टायपिंग आणि रूममेटची झोप

पुण्यातल्या एखाद्या फ्लॅटमध्ये रात्री दोन वाजता एकजण परदेशी क्लायंटचं काम करत बसलेला असतो आणि चार हातांवर त्याचा रूममेट झोपलेला असतो. मधे अडसर असतो तो मेकॅनिकल कीबोर्डच्या खटखटीचा. ती कमी करायला बाजारात रबरी रिंगा, फोम आणि सायलेंट स्विच असे तीन उपाय मिळतात. पण तिन्हींचं काम वेगवेगळं आहे.

आवाज नेमका कुठून येतो, हे घरीच तपासता येतं. एका बटणाची टोपी, म्हणजे की-कॅप, काढायची. आतली दांडी बोटाने अगदी हळू तळापर्यंत दाबायची आणि बोट झटकन बाजूला घ्यायचं. दाबताना काहीच ऐकू आलेलं नसतं, तरी सोडताना 'टक' होतंच. स्प्रिंगने वर फेकलेली दांडी स्विचच्या छतावर आपटते. म्हणजे जोरात टाइप करताना प्रत्येक बटण दोनदा वाजतं, एकदा तळाशी आणि एकदा वर येताना.

रबरी रिंग टोपीच्या आतल्या खुंटीवर चढवतात. ती फक्त खालचा आघात झेलते, वरची 'टक' तशीच राहते. शिवाय काही टोप्या आतून इतक्या खोल असतात की रिंग स्विचला टेकतच नाही. म्हणून आधी चार-पाच बटणांना रिंगा लावून फरक ऐकावा, मगच बाकीच्या चढवाव्यात.

फोम आघात थांबवत नाही. तो कीबोर्डच्या पोकळीत घुमणारा आवाज शोषतो, त्यामुळे खणखणाट जाऊन आवाज भरीव होतो. मात्र जास्त जाड फोम कोंबला तर सर्किट बोर्डवर दाब येऊन तो वाकतो.

सायलेंट स्विचमध्ये दांडीलाच वर-खाली मऊ गाद्या असतात, त्यामुळे दोन्ही आघात दबतात. त्याची किंमत बोटांना मोजावी लागते, कारण स्पर्श थोडा गुबगुबीत लागतो. चेरी कंपनीच्या सायलेंट रेडमध्ये बटणाचा प्रवासही साध्या रेडच्या 4 मिलिमीटरऐवजी 3.7 मिलिमीटर आहे.

कीबोर्ड हॉट-स्वॅप असेल तर जुने स्विच चिमट्याने उपटून नवे बसवता येतात. नसेल तर एकेक स्विच डिसोल्डर करावा लागतो. बसवताना पिना सरळ आहेत ना, हे पाहावं. बदलल्यावर एखादं बटण उमटलंच नाही, तर बहुधा पीन दुमडलेली असते.

सगळे स्विच बदलूनही स्पेसबार आणि एंटर खडखडत राहतात. तो आवाज त्यांच्याखालच्या स्टॅबिलायझरच्या तारेचा असतो. तारेच्या टोकांना थोडं डायलेक्ट्रिक ग्रीस लावलं की तो बराच कमी होतो.

खर्च बेताचा असेल तर आधी ग्रीस आणि कीबोर्डखाली जाड डेस्क मॅट, त्यानंतर सायलेंट स्विच, असा क्रम सोयीचा. 'क्लिक' करणारे निळे स्विच असतील, तर रिंगा आणि फोमवर पैसे घालू नयेत. तो 'क्लिक' स्विचच्या आतल्या वेगळ्या भागातून येतो, तिथे स्विचच बदलावे लागतात.