खाज थांबते, गजकर्ण वाढतं

पावसाळ्यात जांघेत, काखेत किंवा कमरेला खाज सुटते. दोनचार दिवसांत तिथे लालसर गोल चट्टा उमटतो. त्याची कड उंचावलेली आणि खवलेदार असते, मधला भाग मात्र बराच स्वच्छ दिसतो. हे गजकर्ण. काही जण याला नायटा म्हणतात. तपासायला जायचा संकोच वाटतो, कारण जागा अडचणीची. मग माणूस औषधाच्या दुकानात जाऊन हळू आवाजात ‘खाजेचं मलम’ मागतो. दुकानदार एक ट्यूब काढून देतो आणि इथूनच खरं दुखणं सुरू होतं.

गजकर्ण ही बुरशी आहे. ती आपल्या कातडीच्या अगदी वरच्या, मृत पेशींच्या थरात राहते आणि त्या थरातलं केराटिन हे प्रथिन खाऊन जगते. नखं आणि केसही याच प्रथिनाचे असतात, म्हणून ती तिथेही शिरू शकते. बुरशी एका जागी रुजते आणि चहूकडे पसरत जाते, त्यामुळे चट्टा गोल होतो. लाली, खाज आणि उंचावलेली कड मात्र मुख्यतः आपल्या शरीराच्या प्रतिकारातून येतात. बुरशीची चाहूल लागली की रोगप्रतिकारक पेशी तिथे धावून येतात, रक्तपुरवठा वाढतो आणि कातडी सुजते. त्रास होतो खरा, पण बुरशीला आवर घालणारी शक्तीही तीच असते.

दुकानातून मिळालेल्या त्या ट्यूबमध्ये अनेकदा तीनचार औषधं एकत्र असतात. एक बुरशीविरोधी, एक-दोन जंतुनाशकं आणि सोबत क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोनसारखं स्टिरॉइड. स्टिरॉइडचं काम सूज आणि प्रतिकार दाबण्याचं. त्यामुळे दोन-तीन दिवसांत खाज थांबते, लाली फिकी पडते आणि मलम गुणकारी वाटू लागतं. चोराची चाहूल लागून भुंकणाऱ्या कुत्र्याचं तोंड बांधलं तर घर शांत होतं, पण चोर आतच राहतो. इथेही तसंच घडतं. शिवाय खाज गेली की माणूस मलम लावणं सोडतो, त्यामुळे ट्यूबमधल्या बुरशीविरोधी औषधालाही पुरेसे दिवस मिळत नाहीत. आठवड्या-दोन आठवड्यांत खाज परत येते, बहुधा आधीपेक्षा जोरात. मग पुन्हा तीच ट्यूब निघते.

असं चक्र फिरत राहिलं तर काय होतं, याचं एक नेहमी दिसणारं उदाहरण घेऊ. दिवसभर दुचाकीवर फिरणारा एक तरुण आहे. जाड जीन्स, घाम आणि पावसाने ओले राहणारे कपडे. जुलैमध्ये त्याच्या जांघेत रुपयाएवढा चट्टा येतो. ट्यूब लावली की तो दबतो, सोडली की उसळतो. गणपतीपर्यंत चट्टा मांडीवर आणि नितंबांवर पसरतो. घरात टॉवेल एकच, म्हणून बहिणीच्या कमरेलाही, परकराची नाडी घट्ट बसते त्या रेषेवर, तसेच चट्टे येतात. दिवाळीच्या सुमारास तो त्वचारोगतज्ज्ञांकडे पोहोचतो तेव्हा त्याच्या चट्ट्यांची ओळखीची गोल कड पुसट झालेली असते. काही ठिकाणी वर्तुळात वर्तुळ दिसतं. जांघेतली कातडी पातळ झालेली असते आणि तिच्यावर रुंद, लालसर जांभळे व्रण उमटलेले असतात, गरोदरपणानंतर पोटावर दिसतात तसे. बुरशी बरी होईल, पण हे व्रण पूर्णपणे जात नाहीत.

स्टिरॉइडने रूप बदललेल्या गजकर्णाची नोंद ब्रिटिश वैद्यकीय साहित्यात 1968 मध्येच झाली होती. अशा वेळी अनुभवी डॉक्टरही केवळ डोळ्यांवर विसंबत नाहीत. चट्ट्याच्या कडेवरचे खवले बोथट पात्याने खरवडून काचेवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कातडीच्या पेशी विरघळून गेल्या की बुरशीचे लांब, फांद्या फुटलेले धागे दिसतात. तपासणी साधी आणि स्वस्त आहे.

उपचार मात्र आता पूर्वीइतके झटपट राहिलेले नाहीत. एकेकाळी दोन ते चार आठवडे मलम लावलं की बहुतेकांचं गजकर्ण जायचं. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे बुरशीची एक नवी, चिवट जात पसरली आहे. जपानमधल्या संशोधकांनी 2020 मध्ये तिला ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ हे नाव दिलं. त्यांना ती भारत आणि नेपाळमधून आलेल्या रुग्णांमध्ये सापडली होती. तिच्या अनेक नमुन्यांवर टर्बिनाफिन हे हुकमी औषध चालत नाही. स्टिरॉइडमिश्रित मलमांच्या सर्रास वापराने या साथीला हातभार लावला, असं अनेक त्वचारोगतज्ज्ञ मानतात.

म्हणून पसरलेल्या किंवा स्टिरॉइड लावलेल्या गजकर्णाला बहुधा पोटातून औषध लागतं, अनेकदा इट्राकोनॅझोल, आणि तेही कित्येक आठवडे. यकृताचा किंवा हृदयाचा त्रास असेल, इतर गोळ्या चालू असतील किंवा गरोदरपण असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. सोबतचं मलम फक्त चट्ट्यावर न लावता त्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावायचं, कारण निरोगी दिसणाऱ्या त्या पट्ट्यात बुरशी आधीच पोहोचलेली असते. चट्टा दिसेनासा झाल्यावरही साधारण दोन आठवडे ते चालू ठेवायचं. स्टिरॉइड बंद केल्यावर सुरुवातीचे काही दिवस खाज आणि लाली वाढू शकते. याच टप्प्यावर घाबरून बरेच जण जुन्या ट्यूबकडे वळतात. खाजेवर डॉक्टर वेगळी गोळी देऊ शकतात, ती मागावी.

घरातल्या ज्यांना खाज आहे त्या सगळ्यांचे उपचार एकाच वेळी व्हायला हवेत, नाहीतर बुरशी एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहते. टॉवेल आणि आतले कपडे वेगळे ठेवावेत, गरम पाण्यात धुवावेत आणि उन्हात कडक वाळवावेत. अंघोळीनंतर जांघा आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. कमरेचा करदोटा बुरशीला आसरा देतो, तो उपचार संपेपर्यंत काढून ठेवावा.

पावसात शेतात राबणाऱ्यांच्या पायाच्या बोटांत होणाऱ्या चिखल्यांमध्ये आणि छाती-पाठीवर येणाऱ्या पांढुरक्या शिब्यांमध्येही बुरशीचा हात असतो. प्रकार वेगळे, औषधंही थोडी वेगळी, पण स्टिरॉइडचा नियम तोच.

स्टिरॉइड हे वाईट औषध नाही. इसब किंवा सोरायसिसमध्ये योग्य ताकदीचं, ठरावीक दिवसांसाठी दिलेलं स्टिरॉइड मोठा दिलासा देतं. निदान न करता ते बुरशीवर चोळणं घातक आहे. केंद्र सरकारने 2018 मध्ये चौदा स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. तरीही ती सहज हाती पडतात, म्हणून राखण आपल्यालाच करावी लागेल.

ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एकही नाव दिसलं, तर ती ट्यूब डॉक्टरांनी दाखवल्याशिवाय गजकर्णावर लावू नका. शेजाऱ्याची उरलेली तर मुळीच नको. आणि जागा अडचणीची आहे म्हणून लाजू नका. त्वचेच्या डॉक्टरांना हा आजार रोज दिसतो, आणि चट्टा रुपयाएवढा असतानाच दाखवला तर तो बरा करणं सर्वांत सोपं असतं.